‘सर्व जळून खाक’ लिहिण्याआधी: आगीच्या क्लेमचं एक पत्र

वाचकाचं पत्र

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आठ लूम आहेत, मालकी माझ्या एकट्याच्या नावावर. १२ एप्रिलच्या रात्री दीडच्या सुमाराला आग लागली. कारखाना नऊला बंद केला होता. वॉचमनला बोर्डाच्या बाजूनं धूर दिसला. दोन लूम गेले, सहांवर पाणी पडलं. मागच्या खोलीतलं सूत आणि टॉवेल जळाले, पुढच्या खोलीतला माल वाचला. काही सूत एका व्यापाऱ्याचं होतं, मजुरीवर विणायला आलेलं. सकाळी एजंटला फोन केला. १५ तारखेला आम्ही जागा साफ केली आणि १६ ला सर्व्हेअर येऊन गेले. पॉलिसी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे, यंत्रांना २० लाख आणि मालाला १५ लाख. बँकेचं कॅश क्रेडिट आहे. सर्व्हेअरनी लेखी पत्र मागितलंय. मी हे लिहिलंय, काय राहिलं ते सांगाल का?

‘दि. १२ एप्रिल रोजी आमच्या कारखान्यात शॉर्ट सर्किटमुळे भीषण आग लागून लूम, सूत व तयार माल सर्व जळून खाक झाले. अंदाजे २४ लाखांचे नुकसान झाले आहे. आम्ही हप्ते नियमित भरले आहेत. पॉलिसीची प्रत जोडली आहे. तरी लवकरात लवकर भरपाई मिळावी ही विनंती.’

उत्तर

नमस्कार. हे पत्र अजून हातातून गेलं नसेल तर दोन दिवस थांबवा. तुम्ही मला लिहिलेल्या मजकुरात जे आहे ते विमा कंपनीला द्यायच्या पत्रात नाही, आणि त्या पत्रात जे आहे त्यातल्या तीन गोष्टी तुमच्याच माहितीशी जुळत नाहीत. आगीच्या नुकसानीचे सर्व्हे मी बरीच वर्षं केले आहेत. असं पत्र टेबलावर आलं की सर्व्हेअर काय करतो ते आधी सांगतो. तो पत्र एकटं वाचत नाही. शेजारी अग्निशमन दलाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि तुमच्या हिशेबाच्या वह्या ठेवतो. पत्रातलं एखादं वाक्य या कागदांशी जुळलं नाही की त्याच्यासमोर खूण करतो. प्रत्येक खुणेचं एक पत्र तुम्हाला येतं आणि क्लेम तितका लांबतो.

पहिली खूण तारखेवर पडेल. रात्रीचा दीड वाजला होता म्हणजे कागदावर ती १३ एप्रिल झाली. आपण बोलताना १२ ची रात्रच म्हणतो, पण अग्निशमन केंद्राच्या नोंदीत फोन आल्याची वेळ १३ तारखेत लिहिलेली असणार, पोलिस ठाण्यातही तसंच. पत्रात ‘१२ व १३ एप्रिलच्या मधल्या रात्री, १३ तारखेला पहाटे १.३० च्या सुमारास’ असं लिहा. गोष्ट किरकोळ वाटते, पण मालाचा हिशेब १२ तारखेच्या संध्याकाळपर्यंतच्या बिलांवर बंद करायचा आहे. त्यामुळे हीच तारीख पुढच्या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी येते.

आता शॉर्ट सर्किट. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त पैशाचा प्रश्न इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आग कशामुळे लागली हे तुम्हाला ठाऊक नाही. वॉचमननं बोर्डाच्या बाजूनं धूर पाहिला, एवढंच ठाऊक आहे. ‘शॉर्ट सर्किटमुळे’ हा निष्कर्ष आहे आणि तो काढणं तुमचं काम नाही. अग्निशमन दल आपल्या अहवालात संभाव्य कारण लिहितं, गरज पडली तर विद्युत निरीक्षकांचा अहवाल मागवला जातो. त्यांनी वेगळं कारण लिहिलं तर तुमचं पहिलंच वाक्य खोटं ठरतं, तेही विनाकारण.

दुसरी बाजू पॉलिसीच्या अटींची. आगीच्या पॉलिसीत एक अपवाद असतो. एखादं विजेचं यंत्र किंवा फिटिंग जादा भार, शॉर्ट सर्किट, ठिणगी किंवा स्वतःच तापल्यामुळे बिघडलं, तर त्या यंत्राचं नुकसान मिळत नाही. मात्र हा अपवाद फक्त त्या एका यंत्रापुरता आहे. तिथून पसरलेल्या आगीत शेजारचे लूम, सूत, टॉवेल, छप्पर जळलं, तर त्या-त्या गोष्टीचा विमा असेल तिथे ते नुकसान मिळतं. समजा दोष बोर्डात निघाला. मग बोर्डाचे पैसे कदाचित कापले जातील, लूमचे कापले जायला नकोत. पण ‘शॉर्ट सर्किटमुळे लूम जळाले’ असं ढोबळ लिहिलंत, तर प्रत्येक लूमच्या मोटरबद्दल प्रश्न येऊ शकतो की ती आतून जळाली की बाहेरच्या आगीनं? म्हणून कारण लिहू नका, दिसलं ते लिहा. धूर प्रथम कुठे दिसला, आग कोणत्या भिंतीकडून कुठे गेली, तेव्हा लूम बंद होते का, मेन स्विच चालू होता का, तो नंतर कोणी पाडला. नऊला कारखाना बंद होता हा तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे, कारण बंद लूमची मोटर जादा भारानं जळत नाही. तो तुमच्या पत्रात नाहीच. मात्र रात्री लूमचा पुरवठा खरोखर बंद केला होता की नुसते लूम थांबवले होते, हे ज्यानं कारखाना बंद केला त्याला विचारूनच लिहा.

घटनाक्रम घड्याळाच्या वेळेनं हवा. वॉचमनला शांतपणे बसवून विचारा, त्याच्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याची सही किंवा अंगठा घ्या. त्याला वेळ नीट सांगता येत नसेल तर मोबाइल काढा. त्यानं तुम्हाला केलेला फोन, तुम्ही अग्निशमन दलाला केलेला फोन, शेजारच्या कारखानदाराचा फोन, हे सगळं कॉलच्या यादीत मिनिटासकट असतं. यादीचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, जुन्या नोंदी फोनमधून निघून जातात. गेटवर किंवा समोरच्या शेडवर कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण आज मागा. बऱ्याच कॅमेऱ्यांत थोड्याच दिवसांत जुन्यावर नवं चढतं.

एजंटला केलेला फोन ही सूचना खरी, पण कंपनीच्या दप्तरी तिची नोंद झाली का, हे तुमच्या मजकुरातून कळत नाही. सर्व्हेअर आले म्हणजे कंपनीकडे बातमी पोहोचली, क्लेम नंबरही पडला असणार. तो नंबर पत्राच्या माथ्यावर हवा. तुम्ही एजंटला किती वाजता सांगितलं आणि कंपनीत नोंद कधी झाली, या दोन्ही वेळा लिहा. मध्ये अंतर असेल तर लपवू नका, कारण द्या. ‘१३ तारखेला सकाळी एजंटला कळवले, कंपनीत नोंद १४ ला झाली’ हे वाक्य निरुपद्रवी आहे. सर्व्हेअरला ते स्वतः शोधून काढावं लागलं की मात्र त्याचा संशय होतो.

जागा साफ केल्याचंही तसंच. सर्व्हेअर येण्याच्या आदल्या दिवशी राख उचलली गेली हे त्यांनी पाहिलेलंच आहे, त्यामुळे पत्रात त्यावर गप्प बसणं सगळ्यात वाईट. का साफ केलं ते लिहा. छप्पर लोंबकळत होतं, ओल्या सुताला वास सुटला होता, कामगारांना आत जाता येत नव्हतं, जे खरं असेल ते. साफ करण्याआधी काढलेले फोटो कोणाच्या फोनमध्ये आहेत ते शोधा. आगीचा प्रसंग, म्हणजे शेजारपाजारच्या, कामगारांच्या फोनमध्ये नक्की असतील. फोटो मूळ फाइलच्या रूपात घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या फोटोत काढल्याची वेळ बहुधा राहत नाही. राख कुठे टाकली, जळके लोखंडी भाग कुठे ठेवलेत, भंगारात काही विकलं असेल तर कोणाला आणि किती वजनाचं, तेही द्या. आता उरलेल्या कशालाही सर्व्हेअरच्या लेखी होकाराशिवाय हात लावू नका. अपवाद एवढाच की नुकसान वाढू नये म्हणून करायचं ते करा. पाणी पडलेले सहा लूम पुसून तेल द्या, ओले टॉवेल वाळवा, आणि त्या मजुरीची, तेलाची बिलं जपून ठेवा.

तिसरी न जुळणारी गोष्ट म्हणजे ‘सर्व जळून खाक’. सर्व जळलेलं नाही. दोन लूम गेले, सहा भिजले, एक खोली वाचली. वाचलेल्या खोलीत सर्व्हेअर उभे राहून गेले आहेत. हे एक वाक्य त्यांना तुमच्या बाकीच्या वाक्यांवरही शंका घ्यायला लावतं, आणि त्यात तुमचं दुहेरी नुकसान आहे. आग विझवताना पडलेल्या पाण्यानं झालेलं नुकसान आगीच्या नुकसानीतच धरतात. तुम्ही ‘जळाले’ एवढंच लिहिल्यामुळे सहा लूम आणि भिजलेला माल पत्रातून गळालाच आहे.

प्रत्येक लूमची ओळख लिहा. बनावट, साधारण वर्ष, पन्हा, जकार्ड की डॉबी, मोटर किती हॉर्सपॉवरची, आणि कोणता भाग गेला. सोलापुरात बरेच लूम जुने घेतलेले असतात, त्यांचं बिल नसतं, आणि लोक तिथेच खचतात. बिल नसेल तर ताळेबंदातल्या यंत्रांच्या यादीत ते दिसतात का पाहा. कर्ज घेताना बँकेनं केलेलं मूल्यांकन मागा, त्यात लूमची संख्या आणि वर्णन असतं. दुरुस्तीची जुनी बिलं, सुट्या भागांची बिलं, कारखान्यातले जुने फोटो, हेही चालतं. भिजलेल्या लूमसाठी मेकॅनिककडून लूमवार अंदाजपत्रक घ्या. ‘सहा लूमची दुरुस्ती एकूण इतके’ अशी एका ओळीची चिठ्ठी घेऊ नका.

आता माल. तुमचे २४ लाख कसे आले हे पत्रात नाही. मालाचा आकडा बहुतेक जण विक्रीच्या भावानं काढतात. तयार टॉवेल विकून जे आले असते ते विमा देत नाही. स्वतः बनवणाऱ्याच्या मालाची किंमत साधारणपणे त्याला पडलेल्या खर्चानं धरतात, त्यात नफा येत नाही. आणि राख मोजता येत नसल्यामुळे जळलेला माल वह्यांवरून काढावा लागतो. पद्धत साधी आहे, एक उदाहरण करून दाखवतो. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा ३१ मार्चला हिशेबात तुमचा स्वतःचा सगळा माल, म्हणजे सूत, लूमवरचा अर्धवट माल आणि तयार टॉवेल मिळून, खर्चाच्या भावानं ९ लाख ४० हजारांचा होता. १ ते १२ एप्रिल या काळात ३ लाख १० हजारांचं सूत आलं आणि विणाई, रंगाई, वीज असा ९० हजार खर्च मालावर पडला. बेरीज १३ लाख ४० हजार. याच काळात ३ लाख २५ हजारांची विक्री झाली आणि तुमच्या मागच्या वर्षांच्या हिशेबात विक्रीवर साधारण २० टक्के नफा दिसतो. मग विकलेल्या मालाची पडेल किंमत २ लाख ६० हजार. ती वजा केली की आगीच्या वेळी जागेवर १० लाख ८० हजारांचा माल असायला हवा. त्यातला पुढच्या खोलीत शाबूत असलेला माल सर्व्हेअरसमोर मोजला, तो ३ लाख ३० हजारांचा निघाला. भिजलेले, डागाळलेले टॉवेल २ लाखांचे. उरलेले ५ लाख ५० हजार म्हणजे पूर्ण जळालेला माल. भिजलेला माल दुय्यम म्हणून विकून ७० हजार येणार असतील तर त्यावरचं नुकसान १ लाख ३० हजार. दोन्ही मिळून मालाचा क्लेम ६ लाख ८० हजार.

या हिशेबातला प्रत्येक आकडा एका कागदाला बांधलेला आहे. पहिला ताळेबंदाला, दुसरा खरेदी बिलांना आणि जीएसटीच्या विवरणांना, तिसरा मजुरीच्या वहीला, चौथा विक्री बिलांना, शेवटचे सर्व्हेअरसोबतच्या मोजणीला. अशा आकड्याशी वाद घालायला कंपनीलाही त्यातली नेमकी एक पायरी दाखवावी लागते. ‘अंदाजे २४ लाख’ नुसतं खोडून टाकता येतं. आकडे जीएसटी सोडून धरा आणि जळालेल्या मालावर घेतलेल्या इनपुट क्रेडिटचं काय करायचं ते तुमच्या सीएंना लगेच विचारा. नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिट कायद्यानं ठेवता येत नाही.

इथे बँकेचं स्टॉक स्टेटमेंट आडवं येऊ शकतं. कॅश क्रेडिटची मर्यादा टिकावी म्हणून काही जण दर महिन्याला माल फुगवून दाखवतात. तुमचं मार्चअखेरचं स्टेटमेंट काढा आणि ताळेबंदाशी ताडून पाहा. फरक असेल तर सर्व्हेअरनं विचारण्याआधी सीएंसोबत बसून फरकाचं खरं कारण लिहा. कधी कारण साधं असतं, स्टेटमेंटमध्ये मजुरीवर आलेलं परकं सूतही मोजलं गेलेलं असतं.

परक्या सुताचं प्रकरण पत्रात वेगळं ठेवा. व्यापाऱ्याचं सूत तुमच्या मालकीचं नाही, त्याचं खरेदी बिल तुमच्याकडे नाही, त्यामुळे ते तुमच्या मालात मिसळलं तर वरचा हिशेब कधीच बसणार नाही. दुसऱ्याचा ताब्यातला माल पॉलिसीत तसा उल्लेख असेल तरच विम्यात येतो. पॉलिसीची अनुसूची आणि त्यासोबतच्या अटी नीट वाचा. उल्लेख असेल तर व्यापाऱ्याची डिलिव्हरी चलनं, किती किलो आलं, किती विणून परत गेलं आणि किती शिल्लक होतं, हे वेगळ्या तक्त्यात द्या. नसेल तर त्या सुताची रक्कम मागू नका, पण ते तिथे होतं हे मात्र लिहा, आणि व्यापाऱ्याला आजच कळवा, त्याचा स्वतःचा विमा असू शकतो.

आकडा वाढवून लिहिला की थोडं कापूनही पुरेसं मिळेल, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. त्याचं गणित बघा. या पॉलिसीत विम्याची रक्कम जागेवरच्या मालाच्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी असली तर ती कमतरता माफ असते, त्यापुढे गेली की भरपाई त्या प्रमाणात घटते. तुमचा मालाचा विमा १५ लाखांचा. खरा माल १० लाख ८० हजारांचा असेल तर प्रश्नच नाही. पण नुकसान मोठं दिसावं म्हणून तुम्ही १८ लाखांचा माल होता असं लेखी दिलं, तर विमा जवळजवळ १७ टक्के कमी ठरतो. मग ६ लाख ८० हजारांच्या नुकसानीवर १५ भागिले १८ या प्रमाणात सुमारे ५ लाख ६७ हजारच हातात येतील. फुगवलेला माल सिद्ध होणार नाही आणि खऱ्यातलेही १ लाख १३ हजार जातील. शिवाय खोटी मागणी केली असं ठरलं तर सगळा क्लेम नाकारायचा अधिकार पॉलिसी कंपनीला देते.

आता पत्र नव्यानं असं लिहा. मोकळ्या जागा तुमच्या कागदांवरून भरा. एखादी वेळ कागदावर नसेल तर ‘सुमारे’ लिहा, मनानं मिनिटं घालू नका.

‘विषय: आगीच्या नुकसानीचा क्लेम. पॉलिसी क्र. ……, क्लेम क्र. ……, विम्याची जागा: ……

१२ एप्रिल रोजी रात्री ९ वाजता काम थांबवून कारखाना बंद केला. कुलूप …… यांनी लावले. त्या वेळी आठही लूम बंद होते. लूमचा वीजपुरवठा …… (बंद/चालू) होता.

१३ एप्रिल रोजी पहाटे सुमारे १.३० वाजता वॉचमनला वीज बोर्डाच्या बाजूने धूर दिसला. त्याने …… वाजता मला फोन केला. मी …… वाजता अग्निशमन दलास कळवले. गाडी …… वाजता आली, आग …… वाजता विझली. मेन स्विच …… यांनी …… वाजता बंद केला. आगीचे कारण आम्हास निश्चित माहीत नाही. अग्निशमन दलाचा अहवाल सोबत आहे / मिळताच सादर करू.

त्याच दिवशी …… वाजता एजंटला फोनवर कळवले, कंपनीत नोंद …… रोजी झाली. पोलिस ठाण्यात आकस्मिक जळिताची नोंद …… रोजी झाली, क्र. ……. १५ एप्रिल रोजी …… या कारणाने जागा साफ केली. त्याआधीचे …… फोटो जोडले आहेत. जळके यंत्रभाग …… येथे ठेवले आहेत. १६ एप्रिल रोजी सर्व्हेअरनी पाहणी केली.

नुकसान: (अ) आगीत नष्ट झालेले लूम २, तपशील तक्ता १. (आ) पाण्याने बिघडलेले लूम ६, दुरुस्तीचे अंदाजपत्रक तक्ता २. (इ) आमच्या मालकीचा जळालेला व भिजलेला माल, खर्चाच्या भावाने, हिशेब तक्ता ३. शाबूत माल त्यात धरलेला नाही. (ई) मजुरीसाठी आलेले इतरांचे सूत …… किलो, तक्ता ४, वरील रकमेत धरलेले नाही.

एकूण मागणी रु. ……. माल व यंत्रे …… बँकेकडे तारण आहेत, बँकेस …… रोजी लेखी कळवले आहे.’

हप्ते नियमित भरल्याचं वाक्य मी काढलं, कारण पॉलिसी चालू आहे हे कंपनीच्याच दप्तरात आहे. ‘लवकरात लवकर’ हेही काढलं. त्याजागी शेवटी लिहा की आणखी कोणते कागद हवेत ते एकाच यादीत लेखी कळवावं. तुकड्यातुकड्यानं कागद मागणं हे उशिराचं नेहमीचं कारण असतं, आणि ही ओळ त्याला आधीच अडवते.

छप्पर किंवा भिंतीचं नुकसान तुम्ही पत्रात घातलेलं नाही आणि पॉलिसीच्या आकड्यांतही इमारत दिसत नाही. शेड भाड्याची आहे का? असेल तर मालकाला कळवा आणि भाडेकरार जोडा. शेड तुमची असून तिचा विमाच काढलेला नसेल तर तो खर्च या क्लेममध्ये घालू नका, आणि जळलेला बोर्ड व वायरिंग यंत्रांच्या रकमेत येतं की इमारतीच्या, ते अनुसूचीवरून पाहा.

अग्निशमन दलाच्या अहवालासाठी लेखी अर्ज करावा लागतो, तो आजच करा. त्यात पत्ता आणि कारखान्याचं नाव पॉलिसीत जसं छापलंय अगदी तसंच लिहा. पॉलिसीत प्लॉट नंबर एक आणि वीजबिलावर दुसरा, असं एमआयडीसीत होतं. तसं असेल तर आत्ताच तपासा, कारण विमा ‘त्या जागेवरच्या’ मालाचा आहे.

भरपाईची रक्कम बँकेच्या कर्जखात्यात जाऊ शकते. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर बहुधा तसंच होतं. कामगारांची मजुरी किंवा नवं सूत या पैशांतून द्यायचा विचार असेल, तर पत्र देण्याआधी शाखाधिकाऱ्यांना भेटा आणि किती रक्कम खेळत्या भांडवलासाठी सोडतील ते विचारून ठेवा.

पत्राच्या दोन प्रती काढा, दुसरीवर तारखेसह पोच घ्या, आणि तोच मजकूर कंपनीच्या क्लेमच्या ईमेलवर व सर्व्हेअरना पाठवा. सर्व्हेअरचा अहवाल आल्यावर त्याची प्रत मागा. कपात झाली असेल तर ती कोणत्या तक्त्यातल्या कोणत्या ओळीवर झाली ते त्यातूनच कळतं. ती पटली नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. एकट्याच्या मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीच्या तक्रारी तिथे घेतात, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात, फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तिथेही पहिल्यांदा हेच पत्र आणि त्याची पोच मागतील.

तक्ता ३ तयार झाला की सीएंची सही घेऊन मला पाठवा. मजुरीचा खर्च मालावर कसा लावलाय ते मला बघायचं आहे, टॉवेलच्या हिशेबात चूक बहुतेक वेळा तिथेच होते.